पान मिटल्यावर काय उरतं?

माझी भाची नेरूळला राहते आणि कॉलेजसाठी रोज ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाण्याला येते. पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी ती वह्या घेऊन आमच्याकडे पाचपाखाडीला आली. न्यूरोसायन्सच्या पेपरला 46 दिवस होते. मज्जारज्जूचं प्रकरण तिने चार वेळा वाचलं होतं, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर फिरवला होता. "मावशी, हा भाग झालाय माझा," ती म्हणाली.

मी वही मिटली आणि कोरा कागद पुढे केला. मी फिजिऑलॉजी शिकवते, त्यामुळे प्रश्न तयारच होता. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूचा फक्त उजवा अर्धा भाग कापला गेला, तर कुठल्या पायाला वेदना कळणार नाही आणि कुठल्या पायाला कंपन कळणार नाही?

तिने दोन्ही ठिकाणी "उजवा" लिहिलं. कंपनाचं उत्तर बरोबर होतं, वेदनेचं चुकलं. वेदना आणि तापमान वाहून नेणारा स्पायनोथॅलॅमिक मार्ग मज्जारज्जूत शिरल्यावर लगेचच पलीकडची बाजू धरतो. कंपन आणि सांध्यांची स्थिती सांगणारा डॉर्सल कॉलम मात्र आपल्याच बाजूने थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या मेडुलापर्यंत चढतो आणि तिथे ओलांडतो. म्हणून उजवीकडे कापलं की कंपन उजव्या पायाचं जातं आणि वेदना डाव्या पायाची. वही उघडली तर नेमकं हेच वाक्य पिवळ्या रंगात होतं. ते वाचताना तिला ओळखीचं वाटत होतं, आणि त्या ओळखीलाच ती "येतं" असं समजत होती.

या फसगतीवर 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक सुबक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार फेऱ्यांमध्ये फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, त्यांना 83 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे 61. मला या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. आठवड्यानंतर किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा सर्वाधिक विश्वास नुसतं वाचणाऱ्यांनाच होता. म्हणजे अभ्यास करताना आपल्याला जे जाणवतं, त्यावरून पुढे काय टिकेल याचा अंदाज बांधता येत नाही. आठवून लिहिताना अडखळायला होतं, म्हणून ते कमी उपयोगाचं वाटतं.

भाचीचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "मग रोज एकदा आठवून लिहू का?" इथे अंतराचा मुद्दा येतो. जर्मन संशोधक एबिंगहाउसने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की निरर्थक अक्षरांची यादी एका दिवसात 68 वेळा घोकण्यापेक्षा तीन दिवसांत विभागून 38 वेळा घोकणं पुरतं. पण अंतर नेमकं किती ठेवायचं याचं चांगलं उत्तर 2008 साली मिळालं. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 1354 जणांना 32 अपरिचित माहितीचे तुकडे शिकवले, काही दिवसांनी उत्तरं आठवायला लावून उजळणी घेतली आणि त्यानंतर ठरावीक दिवसांनी परीक्षा. उजळणीनंतर 7 दिवसांनी परीक्षा असेल तर पहिला अभ्यास आणि उजळणी यांत 1 दिवसाचं अंतर सर्वांत चांगलं ठरलं. 35 दिवसांनी असेल तर 11 दिवसांचं, 70 दिवसांनी असेल तर 21 दिवसांचं. परीक्षा जितकी लांब, तितकं अंतर मोठं.

आमचं गणित योगायोगाने सरळ बसलं. 46 मधून 11 गेले की 35 उरतात. म्हणून मज्जारज्जूची मोठी उजळणी अकराव्या दिवशी, गुरुवारी ठरली. त्या प्रयोगात उजळणी एकच होती. दुसऱ्या दिवशीची दहा मिनिटं आणि पेपरच्या आधीच्या आठवड्यातली एक फेरी ही माझी भर, कारण आमच्या विषयात एक वाटचूक दहा उत्तरं बिघडवते. उशिरा हाती घेतलेल्या प्रकरणाला मात्र अकरा दिवस कुठून आणणार? पेपरच्या आठ दिवस आधी सुरू केलेल्या भागाची उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी. तिथे लांब अंतर ठेवण्याचा हट्ट नुकसानच करेल.

अंतर जास्त झालं हे ओळखता येतं. कोऱ्या कागदावर निम्मंही उतरत नसेल, तर मी पुढचं अंतर अर्ध्यावर आणते. अडखळत का होईना पण बहुतेक आठवत असेल, तर ते जुळलं. आणि लिहून झाल्यावर वही उघडून लगेच ताडून बघायलाच हवं. न तपासता सोडलं तर चुकलेली बाजूच पुन्हा पुन्हा आठवली जाते आणि तीच पक्की होते.

मधल्या विश्रांतीत मेंदूत काय होतं, हे तिच्याच अभ्यासक्रमात आहे. 1994 साली टुली आणि सहकाऱ्यांनी फळमाश्यांना एका विशिष्ट वासाबरोबर विजेचा झटका देऊन तो वास टाळायला शिकवलं. दहा सत्रं सलग घेतली तर दीर्घकाळ टिकणारी आणि नवीन प्रथिनांवर अवलंबून असलेली स्मृती तयार झाली नाही. दर दोन सत्रांमध्ये 15 मिनिटांची विश्रांती ठेवली, तेव्हा ती तयार झाली आणि निदान आठवडाभर टिकली. प्रथिनांची निर्मिती औषधाने रोखली तर हा फायदा घटला. चेतापेशींमधले जोड पक्के करणाऱ्या या कामाला वेळ लागतो आणि घाईघाईने दिलेली पुढची सत्रं तो वेळ देत नाहीत. माशीची 15 मिनिटं आपल्या वेळापत्रकात उचलून ठेवायची नाहीत, हे मात्र मी भाचीला मुद्दाम सांगितलं.

गुरुवारी ती कॉलेजहून परतत होती. ऐरोलीला बसायला जागा मिळाली आणि कोपरखैरणे येईपर्यंत तिने वहीच्या मागच्या पानावर दोन्ही मार्ग काढले. घरी जाऊन ताडून बघितलं आणि मला फोटो पाठवला. ओलांडण्याच्या जागा दोन्ही बरोबर होत्या. चूक आता दुसरीकडे होती. डाव्या बाजूची वेदना कापल्या जागेच्या अगदी पातळीपासून गेली, असं तिने दाखवलं होतं. प्रत्यक्षात ती एकदोन खंड खालून जाते, कारण हे तंतू पलीकडे जाण्याआधी थोडे वर चढतात. तिने त्याच पानावर लाल पेनाने पुढच्या फेरीचा प्रश्न लिहून ठेवला होता: "किती खालून, आणि का?"