शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मॉक इंटरव्ह्यू: नोंदणी, कागदपत्रं, पॅनेल आणि तयारी

कॉम्प्युटर आणि आयटी शाखेच्या सातव्या सेमिस्टरच्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी प्लेसमेंट सेलतर्फे येत्या सोमवारपासून दोन आठवडे मॉक इंटरव्ह्यू घेतले जातील. फी नाही. केटी असली तरी नाव देता येईल. कंपन्यांचे निकष वेगळे असतात आणि काही कंपन्या चालू केटी असलेल्यांना बसू देत नाहीत, पण सरावाला तो नियम लावायचं काहीच कारण नाही. ज्याची केटी बाकी आहे त्याला तर "हा विषय का राहिला?" हा प्रश्न नक्की येणार, त्यामुळे त्याने आधी यावं.

सोमवार ते शुक्रवार प्रॅक्टिकल संपल्यावर दुपारी साडेतीन ते साडेपाच आणि शनिवारी सकाळी दहा ते एक अशा वेळा ठेवल्या आहेत. प्रत्येक स्लॉट ३० मिनिटांचा आहे: २० मिनिटं मुलाखत, १० मिनिटं चर्चा. दोन पॅनेल एकाच वेळी चालतील, म्हणजे आठवड्याला ५२ स्लॉट होतात. शनिवारचा शेवटचा स्लॉट दोन्ही पॅनेलकडे रिकामा ठेवला आहे, तो लोकल रखडल्यामुळे वेळ चुकलेल्यांसाठी. त्यामुळे दोन आठवड्यांत नोंदणीसाठी १०० जागा उरतात. रविवारी मुद्दाम काही ठेवलेलं नाही. मेगाब्लॉकच्या दिवशी कल्याण किंवा पनवेलहून येणाऱ्याला वेळेवर या म्हणणं बरोबर नाही.

नोंदणीचा गूगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर येईल. त्यात तीन स्लॉट पसंतीक्रमाने भरायचे. जो आधी भरेल त्याला आधी, रोल नंबरचा संबंध नाही. स्लॉट पक्का झाल्याचा मेल आला की मुलाखतीच्या दोन दिवस आधीपर्यंत कागदपत्रं प्लेसमेंट सेलमध्ये द्या. हे दोन दिवस पॅनेलला तुमचा रेझ्युमे वाचायला लागतात. न वाचता घेतलेल्या मुलाखतीत "टेल मी अबाउट युवरसेल्फ"च्या पुढे फारसं काही होत नाही. स्लॉट रद्द करायचा असेल तर २४ तास आधी कळवा, म्हणजे ती जागा दुसऱ्याला देता येते.

कागदपत्रं थोडीच आहेत. एका पानाच्या रेझ्युमेच्या तीन प्रती, कॉलेजचं ओळखपत्र, सहाव्या सेमिस्टरपर्यंतच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आणि प्रोजेक्टचा अर्ध्या पानाचा सारांश. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांकडे पहिल्या दोन सेमिस्टरच्या गुणपत्रिका नसतात. त्यांनी त्याऐवजी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका जोडावी आणि रेझ्युमेतही बारावीच्या जागी डिप्लोमा स्पष्ट लिहावा. सीजीपीआय गुणपत्रिकेवर जसा छापला आहे तसाच लिहा. त्याला दहाने गुणून टक्के काढू नका. खऱ्या कंपनीत कागदपत्रं तपासताना रेझ्युमेतला आणि गुणपत्रिकेवरचा आकडा जुळला नाही, तर खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

प्रत्येक पॅनेलवर तिघं असतील. सॉफ्टवेअर कंपनीत चार-पाच वर्षं काम केलेले एक माजी विद्यार्थी, एचआरमध्ये काम करणारी एक व्यक्ती आणि आपले एक शिक्षक. तुमचे प्रोजेक्ट गाइड तुमच्या पॅनेलवर नसतील. त्यांना प्रोजेक्ट माहीत असतो, त्यामुळे तुम्ही अर्धं वाक्य बोललात की उरलेलं ते मनात पूर्ण करून घेतात. बाहेरच्या माणसाकडून ही सवलत मिळणार नाही.

आता तयारीकडे वळू. व्हायवासाठी वाचतात तसं सगळं अभ्यासक्रमाचं वाचत बसू नका. पॅनेलच्या हातात तुमचा एकच कागद असतो, प्रश्न त्यातूनच निघतात. रेझ्युमेची प्रत्येक ओळ घ्या आणि तिच्यावर तीन प्रश्न स्वतःच काढा. उत्तर देता येत नसेल तर ती ओळ खोडा. गेल्या वर्षी एका मुलाने "स्किल्स"मध्ये आठ गोष्टी लिहिल्या होत्या. त्यातल्या एसक्यूएलवरून पॅनेलने विचारलं, कर्मचाऱ्यांच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढून दाखव. त्याने पाठ असलेलं झटकन लिहिलं:

```sql
SELECT salary FROM emp
ORDER BY salary DESC
LIMIT 1 OFFSET 1;
```

मग पुढचा प्रश्न आला: सगळ्यात जास्त पगार दोघांना असेल तर? तो गप्प झाला, आणि तीन-चार मिनिटं तशीच गेली. पगार ९०, ९० आणि ७० असे असतील तर ही क्वेरी पहिली ओळ सोडून दुसरी देते, म्हणजे पुन्हा ९०च. हवं आहे ७०. असं लिहिलं की ते मिळतं:

```sql
SELECT MAX(salary) FROM emp
WHERE salary < (SELECT MAX(salary) FROM emp);
```

आणि सगळ्यांचा पगार सारखाच असेल तर? मग उत्तर `NULL` येतं, कारण त्याहून कमी पगारच नाही. पहिली क्वेरी लिहिली म्हणून त्या मुलाचं नुकसान झालं नाही. गप्प बसल्यामुळे झालं. "दोघांना सारखा असेल तर... मी तीन ओळींचं उदाहरण घेऊन बघतो" एवढं बोलून त्याने ९०, ९०, ७० कागदावर मांडले असते, तर चूक त्याची त्यालाच सापडली असती. पॅनेल हेच बघत असतं, म्हणून सराव करताना उत्तर मनात जुळवू नका, तोंडाने बोला.

प्रोजेक्टचंही तसंच. चौघांच्या ग्रुपमध्ये सगळे "आम्ही केलं" म्हणतात. पॅनेल विचारतं, तू काय केलंस? डेटाबेसचं टेबल तुम्ही बांधलं असेल तर तेवढंच सांगा, पण त्यात कोणते कॉलम होते, प्रायमरी की कोणती आणि कुठे अडलात हे सांगता आलं पाहिजे. आधी घरी कुणालाही मराठीत समजावून बघा, मग इंग्रजीत. मराठीतच अडलात, तर अडचण इंग्रजीची नाही, प्रोजेक्ट कळण्याची आहे. मुलाखत इंग्रजीत होईल. शब्द सापडला नाही तर हिंदी-मराठीत वाक्य पूर्ण करा, पॅनेलची हरकत नाही. नंतरची चर्चा मराठीत होऊ शकते.

एचआरचे दोन प्रश्न घरी आधीच बोलून या: पुण्याला किंवा बंगळुरूला जाणार का, आणि रात्रपाळी चालेल का. घरच्यांना विचारल्याशिवाय दिलेला "हो" ऑफर लेटर हातात आल्यावर अडचणीत आणतो. बाँडबद्दल विचारलं, तर किती महिन्यांचा आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागते हे विचारायची तुम्हाला मुभा आहे.

त्या दिवशी १५ मिनिटं आधी या. साधे इस्त्री केलेले फॉर्मल कपडे पुरेत, कोट-टाय विकत घेऊ नका. मुलाखतीनंतर पॅनेलच्या सहीचा एक कागद मिळेल. त्यात गुण नसतील, कोणत्या ओळीवर अडलात एवढंच लिहिलेलं असेल. तो कागद आणि सुधारलेला रेझ्युमे घेऊन आठवड्याभरात प्लेसमेंट सेलमध्ये आलात, की रिकाम्या राहिलेल्या स्लॉटमध्ये दुसऱ्या फेरीसाठी तुमचं नाव लावलं जाईल.