चाळीसची गादी कडकच असते?

“४० डेन्सिटीचा फोम म्हणजे कडक गादी, असं सगळेच सांगतात. बरोबर ना?”

नाही. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन, किलोत. कडकपणा वेगळा मोजतात: फोम ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो त्यावरून. ४० चा फोम मऊही बनतो आणि २८ चा कडकही. डेन्सिटी जास्त असली की फोम सहसा उशिरा बसतो, एवढंच.

पण या आकड्याचा एक मोठा फायदा आहे, तो वजनकाट्यावर तपासता येतो. मालवणात आमच्या होमस्टेसाठी गाद्या घेतल्या तेव्हा मी तेच केलं. माप ७२ × ४८ × ५ इंच. गुणाकार १७,२८०. एका घनमीटरात साधारण ६१,०२४ घनइंच, म्हणून भागाकार ०.२८३. गुणिले ४०, म्हणजे ११.३ किलो हवं. खोळ काढून ठेवली तर काटा ९.१ वर थांबला. म्हणजे फोम ३२ चा! गादीवाल्याने मुकाट्याने बदलून दिला.

जाडी मात्र स्वतः मोजा. ५ ऐवजी साडेचार इंच भरली तर वजन दहा टक्के कमी येतं आणि उगाच डेन्सिटीवर संशय जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट फोम जड भरतो, तेव्हा चांगला सुकवूनच तोला. आणि वजन जुळलं तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका. खडूची भुकटी मिसळूनही फोम जड करता येतो.