येणे उधारीचे वयोविश्लेषण

ग्राहकांकडून येणे असलेली बिले ठराविक दिवशी किती जुनी झाली आहेत हे पाहून त्यांची गटवार मांडणी करणे आणि तिच्या आधारे वसुलीला लागणारा उशीर व बुडण्याची शक्यता यांचा अंदाज बांधणे, या पद्धतीला वयोविश्लेषण म्हणतात. लेखापालांच्या बोलण्यात ‘एजिंग काढणे’ हाच शब्द रूढ आहे. शालेय पुस्तपालनात ऋणकोंच्या एकूण रकमेवर सरसकट 5 टक्के ‘संशयित कर्ज निधी’ धरतात. वयोविश्लेषण हा सरसकटपणा टाळते. मुदतीत असलेल्या आणि वर्षभर रखडलेल्या बिलाला एकच टक्का लावणे योग्य नाही, हे त्यामागचे साधे गृहीतक.

पद्धतीचा उगम एका व्यक्तीकडे किंवा ग्रंथाकडे नेता येत नाही. खतावणीत प्रत्येक नोंदीला तारीख असल्याने जुनी बाकी वेगळी काढणे पूर्वीही शक्य होते. गणिती बाजूचा ठळक टप्पा मात्र 1962 चा आहे. त्या वर्षी सायर्ट, डेव्हिडसन आणि थॉम्पसन या अभ्यासकांनी, एका गटातील येणे पुढच्या महिन्यात कोणत्या गटात जाते याची संभाव्यता मार्कोव्ह साखळीने मांडून संशयित येण्याची तरतूद काढून दाखवली. आज ‘रोल रेट’ म्हणून वापरतात ती रीत याच विचाराची सोपी आवृत्ती मानता येईल.

वय कोणत्या तारखेपासून मोजावे, हा दिसायला किरकोळ पण निकाल फिरवणारा प्रश्न आहे. बिलाच्या तारखेपासून मोजले तर 90 दिवसांची उधारी मिळालेला वक्तशीर ग्राहक 30 दिवसांच्या मुदतीवर दोन महिने थकलेल्या ग्राहकाच्या रांगेत बसतो. कंपनी अधिनियम 2013 च्या तिसऱ्या अनुसूचीत मार्च 2021 मध्ये झालेल्या बदलांनुसार ताळेबंदाच्या टिपांत येण्याचे वयोगट द्यावे लागतात. तेथे मोजणी देय तारखेपासून आहे आणि देय तारीख ठरलेलीच नसेल तर व्यवहाराच्या तारखेपासून. गट मात्र सहा महिन्यांपेक्षा कमी, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून अधिक असे रुंद आहेत. प्रकटनाला ते पुरतात, पण तरतुदीला नाही. बिल बुडणार की नाही हे बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच कळू लागते आणि ते सगळे येथे एकाच गटात जातात. म्हणून तरतुदीसाठी तीस-तीस दिवसांचे गट वेगळे ठेवणेच बरे.

दुसरा वाद आलेली रक्कम कोणत्या बिलापोटी धरावी याचा. भारतीय करार अधिनियम 1872 ची कलमे 59 ते 61 याचे उत्तर देतात. पैसे देणाऱ्याने बिल सांगितले असेल तर त्यापोटीच ते धरावे लागतात. त्याने काही सांगितले नाही, तर घेणारा आपल्या मर्जीने कोणत्याही कायदेशीर येण्यापोटी ते धरू शकतो, अगदी दाव्याची कायदेशीर मुदत संपलेल्या येण्यापोटीसुद्धा. दोघांनीही काही ठरवले नाही, तर सर्वांत जुन्या येण्यापासून क्रमाने. प्रत्यक्षात हा क्रम बिघडतो तो संगणकावर. टॅलीमध्ये जमेची नोंद करताना `Agst Ref` निवडून बिल जोडायचे असते. बँकेत पाच लाख आले, कोणत्या बिलांचे ते कळले नाही, की घाईत `On Account` निवडले जाते. मग पक्षाची एकूण बाकी बरोबर राहते, पण फिटलेली जुनी बिले उघडीच दिसतात आणि जमा रक्कम बिनतारखेची लोंबकळत राहते. एकाच पक्षाच्या नावावर जुनी उघडी बिले आणि न जोडलेली जमा दोन्ही दिसली, तर ते एजिंग तरतुदीसाठी वापरण्याजोगे नाही असे समजावे. आधी ग्राहकाकडून खातेउतारा मागवून जोडणी पुरी करावी लागते.

याच्याशी निगडित एक जुना मतभेद आहे. एका मतानुसार ग्राहकाचे सर्वांत जुने बिल ज्या गटात, त्याच गटात त्याची संपूर्ण बाकी टाकावी, कारण जोखीम ग्राहकाची असते, बिलाची नव्हे. दुसऱ्या मतानुसार प्रत्येक बिल आपापल्या गटात राहावे. पहिल्या रीतीत मालाच्या नाकारणीमुळे अडकलेले एखादे छोटे बिलही लाखोंची चालू बाकी जुनी ठरवते. मोजके मोठे ग्राहक असलेल्या पुरवठादाराला त्यामुळे दुसरी रीत अधिक सोयीची, आणि भारतातील बिलवार हिशेबाशी तीच जुळते.

भारतात मोठ्या व सूचिबद्ध कंपन्यांना 2016 पासून टप्प्याटप्प्याने इंड एएस ही लेखामानके लागू झाली. त्यांतील इंड एएस 109 अपेक्षित पतहानी, म्हणजे येणे न मिळाल्याने पुढे होऊ शकणारे नुकसान, आधीच धरायला सांगते. व्यापारी येण्यांसाठी सोपी वाट म्हणून ‘तरतूद सारणी’, म्हणजे प्रत्येक वयोगटाला वेगळा हानिदर लावणारा तक्ता, वापरण्याची मुभा आहे. पूर्वी नुकसान झाल्याची खूण दिसल्यावर तरतूद होई. आता मुदतीत असलेल्या बिलावरही, थोडी का होईना, तरतूद येते. 90 दिवस उलटले की थकित मानावे असे मानकाचे गृहीतक आहे, पण सयुक्तिक पुरावा देऊन ते खोडता येते. सरकारी खात्यांना माल देणारे पुरवठादार याचाच आधार घेतात. तिथे पैसे उशिरा येतात, पण बहुधा येतात. अशा वेळी नुकसान मुख्यतः उशिराचे असते, बुडण्याचे नव्हे.

सारणी कशी बनते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फाउंड्री 30 दिवसांच्या उधारीवर कास्टिंग विकते. 31 मार्चला तिचे येणे 80 लाख रुपये आहे. त्यापैकी मुदतीत 42 लाख, 1 ते 30 दिवस उशिराचे 14 लाख, 31 ते 60 दिवसांचे 8 लाख, 61 ते 90 दिवसांचे 6 लाख आणि त्यापुढचे 10 लाख. मागच्या 24 महिन्यांची महिनाअखेरची एजिंग पत्रके शेजारी ठेवली तर सरासरी अशी दिसते: मुदतीतील रकमेपैकी 50 टक्के पुढच्या महिन्यात उशिराच्या पहिल्या गटात सरकते, त्यातली 50 टक्के दुसऱ्यात, त्यातली 60 टक्के तिसऱ्यात, त्यातली 60 टक्के 90 दिवसांपलीकडे, आणि तिथे पोचलेल्यातली 25 टक्के अखेर बुडते.

आता उलटे यावे. शेवटच्या गटाचा हानिदर 25 टक्के. त्याला आधीच्या गटाच्या 60 टक्क्यांनी गुणले की 15 टक्के, पुन्हा 60 टक्क्यांनी गुणले की 9, मग 4.5 आणि मुदतीतील बिलांसाठी 2.25 टक्के. हे दर आपापल्या रकमांना लावले तर तरतूद 5,69,500 रुपये होते, म्हणजे येण्याच्या सुमारे 7 टक्के.

हा आकडा तसाच ताळेबंदात नेणे चुकीचे ठरेल. 90 दिवसांपलीकडच्या 10 लाखांत 3 लाख एका बंद पडलेल्या कारखान्याचे आहेत आणि 1 लाख नाकारलेल्या मालाचे. नाकारलेल्या मालाचा प्रश्न पतहानीचा नाही. माल सदोष असल्याचे मान्य असेल तर क्रेडिट नोट काढून विक्रीच कमी करावी लागते. बंद कारखान्याकडून 20 टक्के मिळतील असा अंदाज असेल, तर त्यापोटी 2,40,000 रुपयांची तरतूद स्वतंत्रपणे होते. उरलेल्या 6 लाखांवर 25 टक्क्यांनी दीड लाख. बाकी गट तसेच ठेवले की एकूण तरतूद 7,09,500 रुपये होते. येथे एक खबरदारी घ्यावी लागते: असे स्वतंत्र तपासलेले पक्ष सारणीतून काढले, तर 25 टक्क्यांच्या इतिहासातूनही तसे पक्ष वगळले पाहिजेत. नाहीतर एकच नुकसान दोनदा धरले जाते. लेखापरीक्षणात ही चूक सहज निसटते.

दोन वर्षांची सरासरी ताजा बिघाड झाकते, हीही एक अडचण आहे. याच फाउंड्रीत फेब्रुवारीअखेर मुदतीतील येणे 24 लाख होते आणि त्यातले 14 लाख मार्चअखेर उशिराच्या पहिल्या गटात आले. म्हणजे दर 58 टक्के, सरासरी 50 असताना. एका महिन्यावरून दर बदलू नये, पण तीन महिने असेच चालले तर सरासरीपेक्षा अलीकडच्या महिन्यांना जास्त वजन देणे योग्य. मानकालाही निव्वळ इतिहास पुरेसा वाटत नाही. पुढच्या काळाविषयीची उपलब्ध माहिती त्यात मिसळावी लागते.

वसुलीला किती दिवस लागतात याचे प्रचलित माप डीएसओ. येणे भागिले दररोजची सरासरी उधार विक्री. फाउंड्रीची वार्षिक विक्री 2 कोटी 92 लाख, म्हणजे रोजची 80 हजार. त्यावरून 100 दिवस येतात. पण मार्चची विक्री 44 लाख, फेब्रुवारीची 24 आणि जानेवारीची 22 लाख होती. 80 लाखांतून मार्चचे 44 वजा केले की 31 दिवस खर्ची पडतात. उरलेल्या 36 मधून फेब्रुवारीचे 24 काढले की आणखी 28. राहिलेले 12 लाख जानेवारीच्या सुमारे 17 दिवसांचे. बेरीज 76. वर्षअखेर विक्री फुगणाऱ्या धंद्यात वार्षिक सरासरी ग्राहकांना विनाकारण बदनाम करते, त्यामुळे मागे मोजत जाणारी ही रीत अधिक विश्वासार्ह. दोन्ही रीतींत येणे जीएसटीसह असेल तर विक्रीही जीएसटीसहच घ्यावी. हा मेळ चुकला तर 18 टक्के कराच्या मालावर दिवस तितक्याच प्रमाणात वाढलेले दिसतात. बिल बुडाले म्हणून पुरवठादाराने भरलेला जीएसटी परत मिळत नाही, त्यामुळे तरतूदही करासह रकमेवरच काढतात.

आयकरात निव्वळ तरतुदीची वजावट सर्वसाधारण व्यावसायिकाला नाही. मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या अधिनियमाच्या कलम 36(1)(vii) खाली येणे वह्यांत प्रत्यक्ष निर्लेखित करावे लागे. ते खरोखर बुडाले हे सिद्ध करण्याची मात्र त्याखाली गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये टीआरएफ लिमिटेड प्रकरणात स्पष्ट केले.

मुदत अधिनियम 1963 नुसार येण्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. तो काळ संपण्यापूर्वी ऋणकोने बाकी मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले तर कलम 18 प्रमाणे त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. वर्षअखेरीस पाठवली जाणारी बाकी-पुष्टीची पत्रे सहीसह परत आली, तर या कामी येतात. तीन वर्षांपलीकडच्या गटात असे पत्र नसलेली बिले वेगळी काढून ठेवण्याची पद्धत आहे आणि त्यांवर सहसा पूर्ण तरतूद केली जाते.