कागद एकीकडचा, समास दुसरीकडचे

स्कॅन केलेला एखादा अर्ज समोर येतो तेव्हा तो कुठून आला, हे बऱ्याचदा पानावर लिहिलेलं नसतं. शिक्का पुसट असतो, वरचा मथळा कापला गेलेला असतो, अक्षरं वाचता येत नाहीत. तरी अशा पानावरही दोन गोष्टी मोजता येतात: कागदाचा आकार, आणि छपाईच्या भोवती सोडलेली कोरी जागा, म्हणजे समास. दोन्हींवरून एकच उत्तर मिळेल असं आपण सहज धरून चालतो. पण कागदावरून पान कुठे छापलं गेलं ते कळतं, तर समासांवरून ते कुठल्या कागदासाठी आखलं होतं ते कळतं. ही दोन ठिकाणं वेगळी असू शकतात, आणि तसं असेल तर ते पकडताही येतं.

आधी आकार पाहू. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. लांबीला रुंदीने भागलं तर १.४१४, म्हणजे दोनचं वर्गमूळ. या गुणोत्तराचा कागद मधोमध दुमडला की अर्ध्या कागदाचंही गुणोत्तर तेच राहतं. गेऑर्ग लिश्टेनबर्ग या जर्मन विद्वानाने १७८६ साली एका पत्रात हा गुण नोंदवला होता. वॉल्टर पोर्स्टमान यांच्या कामातून तो १९२२ साली जर्मनीचं मानक झाला, आणि पुढे आयएसओ २१६ या नावाने जगभर गेला. अमेरिकेतला लेटर कागद मात्र साडेआठ इंच × अकरा इंच, म्हणजे २१५.९ × २७९.४ मिलिमीटर. त्याचं गुणोत्तर १.२९४. ए४ पेक्षा तो जवळपास सहा मिलिमीटर रुंद आणि साडेसतरा मिलिमीटर आखूड आहे.

या दोन आकारांचं पुराव्याचं वजन सारखं नाही. जगातले बहुतेक देश ए४ वापरतात, त्यामुळे पान ए४ निघालं तर शोध फारसा आवळत नाही. लेटर निघालं तर मात्र यादी एकदम लहान होते: अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, कोलंबिया, चिली, फिलिपिन्स आणि आणखी थोडे देश. रुंदी साडेआठ इंच पण लांबी तेरा इंच असेल, तर फिलिपिन्सचा विचार आधी करावा. तिथे हा ‘लाँग’ कागद रोजच्या वापरात आहे. लांबी चौदा इंच असेल तर तो अमेरिकी ‘लीगल’ कागद.

आता मोजणीकडे वळू, कारण इथेच जास्त फसगत होते. स्कॅनमध्ये आपल्याला मिलिमीटर मिळत नाहीत, पिक्सेल मिळतात. इंचाला ३०० बिंदू या दराने ए४ पान २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं आणि लेटर पान २५५० × ३३०० चं. फाईलमध्ये नोंदलेला बिंदूंचा दर खोटा असू शकतो; मोबाईलने काढलेल्या फोटोत तो बहुधा निरर्थकच असतो. तेव्हा निदान गुणोत्तर तरी हाताशी राहतं, आणि १.४१४ व १.२९४ यांच्यात नऊ टक्क्यांचा फरक असल्याने ते पुरतंही.

पण कधीकधी गुणोत्तर १.३७६ येतं आणि माणूस चक्रावतो. असा कुठलाच प्रचलित कागद नाही. ते माप कागदाचं नसून स्कॅनरच्या काचेचं असतं. घरगुती किंवा ऑफिसातल्या सपाट स्कॅनरची काच साधारण २१६ × २९७ मिलिमीटरची करतात, कारण तिच्यावर लेटरची रुंदी आणि ए४ ची लांबी दोन्ही मावतात. कागदाची कड शोधून कापण्याची सोय बंद असेल तर अख्ख्या काचेचं चित्र येतं. अशा चित्रात कागदाच्या कडेची बारीक सावली शोधायची. उजवीकडे सहा मिलिमीटरची पट्टी उरली असेल तर आत ए४ आहे. खाली साडेसतरा मिलिमीटरची उरली असेल तर लेटर.

दुसरा सापळा तिरकेपणाचा आहे. ए४ पान फक्त एक अंश तिरकं ठेवलं आणि सॉफ्टवेअरने त्याच्याभोवती सरळ चौकोन आखून कापलं, तर त्या चौकोनाची रुंदी २१५ मिलिमीटर भरते. म्हणजे नुसती रुंदी पाहणाऱ्याला ते हुबेहूब लेटर वाटेल. त्याच चौकोनाची लांबी मात्र ३०० मिलिमीटरच्या पुढे गेलेली असते, आणि लेटर तर २८० लाही पोचत नाही. म्हणून आधी पान सरळ करावं, मग मोजावं, आणि निकाल लांबीवरून द्यावा.

आता एक पान शेवटपर्यंत सोडवून पाहू. फाईल २४८० × ३५०८ पिक्सेलची आहे, नोंदलेला दर ३००. कागद ए४, यात शंका नाही. पानावर एक मोठी चौकट आहे आणि तिच्यात आडव्या रेघांनी पाडलेले तीस समान रकाने. चौकट २१८८ पिक्सेल रुंद आणि २९१८ पिक्सेल उंच भरते. डावी-उजवीकडचा समास प्रत्येकी १४६ पिक्सेल, म्हणजे १२.४ मिलिमीटर. वरचा आणि खालचा समास प्रत्येकी २९५ पिक्सेल, म्हणजे २५ मिलिमीटर.

इथे पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही की वर-खालचे समास बाजूंच्या दुप्पट आहेत. कुणी मुद्दाम तसं ठेवूही शकतं, म्हणून एवढ्यावर थांबता येत नाही. एका रकान्याची उंची काढू: २९१८ भागिले ३०, म्हणजे ९७.३ पिक्सेल, म्हणजे ८.२४ मिलिमीटर. फॉर्म आखणारा माणूस असा आकडा निवडत नाही. मिलिमीटरमध्ये काम करणारा आठ किंवा साडेआठ घेईल, इंचात काम करणारा पाव किंवा एक तृतीयांश इंच घेईल. ८.२४ यांपैकी कशातच बसत नाही. असा विचित्र आकडा दिसला की पान आखल्यानंतर लहान-मोठं केलं गेलंय, अशी शंका घ्यावी.

लेटरसाठी आखलेलं पान ए४ वर ‘फिट टू पेज’ करून छापलं तर किती आकसेल? रुंदी २१५.९ वरून २१० वर आणावी लागेल, म्हणजे ९७.३ टक्के. आपली मापं याच आकड्याने भागून पाहू. रकान्याची उंची होते ८.४७ मिलिमीटर, नेमका एक तृतीयांश इंच. चौकट होते साडेसात इंच × दहा इंच. बाजूचा समास होतो अर्धा इंच. साडेआठ इंचांच्या कागदावर दोन्हीकडे अर्धा इंच सोडून साडेसात, अकरा इंचांच्या लांबीवर वर-खाली अर्धा इंच सोडून दहा: सगळं एकाच वेळी चपखल बसतं. वर-खालच्या जादा जागेचाही हिशोब लागतो. आकसलेलं लेटर पान २७१.८ मिलिमीटर लांब होतं, ए४ वर २५.२ मिलिमीटर उरतात, आणि पान मधोमध बसवल्याने ते निम्मे वर, निम्मे खाली जातात. आकसलेल्या अर्ध्या इंचाचे १२.४ आणि हे १२.६ मिळून २५. एखादा आकडा योगायोगाने जुळू शकतो. चार आकडे एकाच प्रमाणाने गोल इंचांवर येतात, तेव्हा मी योगायोग मानत नाही.

तरी एक आक्षेप उरतोच. फाईलवर नोंदलेला दर चुकीचा असेल, किंवा स्कॅनरनेच चित्र लहान केलं असेल तर? याचं उत्तर पानाच्या डाव्या कडेला मिळतं. तिथे फाइलला लावण्यासाठी पाडलेली दोन भोकं आहेत. आयएसओ ८३८ या मानकाप्रमाणे दोन भोकांच्या केंद्रांत ८० मिलिमीटर अंतर असतं, केंद्र कागदाच्या कडेपासून १२ मिलिमीटरवर असतं, आणि भोक सहा मिलिमीटर व्यासाचं असतं. ३०० च्या दराने ८० मिलिमीटर म्हणजे ९४५ पिक्सेल. आपल्या पानावरही ते ९४५ च भरतं. भोकं छपाईनंतर पाडली जातात, त्यामुळे छापताना झालेलं आकसणं त्यांना लागू होत नाही. भोकं पूर्ण मापाची आणि छपाई ९७ टक्क्यांची, याचा अर्थ स्कॅन खरं आहे आणि आकसणं प्रिंटरमध्येच झालंय.

हीच भोकं आणखी एक गोष्ट सांगतात. त्यांचं केंद्र कडेपासून १२ मिलिमीटरवर आणि चौकटीची डावी रेघ १२.४ मिलिमीटरवर, त्यामुळे दोन्ही भोकं ती रेघ खाऊन गेली आहेत. दोन भोकांच्या फाइलसाठी फॉर्म आखणारा डावीकडे जास्त जागा सोडतो. जर्मनीतल्या पत्रांच्या मांडणीच्या मानकात, डीआयएन ५००८ मध्ये, डावा समास २५ मिलिमीटरचा आहे. दोन भोकांचा मध्य जिथे यावा तिथे, म्हणजे वरून १४८.५ मिलिमीटरवर, कडेला एक छोटी रेघही छापतात. आपल्या पानावर तसलं काहीच नाही.

उलटा प्रवासही असाच ओळखता येतो. ए४ साठी आखलेलं पान लेटरवर बसवताना लांबी आड येते, म्हणून ते ९४ टक्क्यांवर जातं आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी नऊ मिलिमीटर जादा जागा उरते. तेव्हा बाजूंचे समास फुगतात आणि भागाकारानंतर गोल मिलिमीटर मिळतात.

ही पद्धत कुठे अडते तेही ध्यानात ठेवायला हवं. ‘अॅक्च्युअल साइज’ निवडून छापलं तर काहीच आकसत नाही, नुसते समास सरकतात. मग रकान्यांची मापं थेट इंचांत की मिलिमीटरमध्ये गोल येतात एवढंच पाहायचं. काही प्रिंटर कागदाच्या कडेला छापू शकत नाहीत. त्यांचं सॉफ्टवेअर पान त्या न छापता येणाऱ्या पट्टीच्याही आत बसवतं, आणि प्रमाण ९७ ऐवजी आणखी खाली जातं. तेव्हा ठरावीक टक्का धरून न बसता, सगळे आकडे एकाच भाजकाने गोल होतात का हे शोधावं. फॅक्समध्ये तर पानाच्या रुंदीची खूणच हरवते, कारण नेहमीच्या फॅक्सची ओळ कागद कुठलाही असला तरी १७२८ पिक्सेलचीच असते. शिवाय समासांवरून आखणी लेटरसाठी झाली हे कळलं, तरी आखणारा अमेरिकेत बसला होता असं ठरत नाही. मूळ सेटिंग न बदलता लेटर पानावर फॉर्म बनवणारे लोक सगळीकडे आहेत. त्यामुळे नोंद करताना कागद, आखणी आणि भोकं यांचे निष्कर्ष वेगवेगळे लिहावेत, एकाच ‘प्रदेश’ या रकान्यात कोंबू नयेत.

कधी याच पानाच्या डाव्या कडेला तीन फिकट काळसर वर्तुळं दिसतात, छपाईत उमटलेली. उत्तर अमेरिकेत फाइलला तीन भोकं पाडतात, त्यांच्यातलं अंतर सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. वर्तुळांमधलं अंतर १०८ न भरता १०५ भरलं, तर ती वर्तुळं छपाईबरोबर आकसली आहेत. म्हणजे हे पान कोऱ्या फॉर्मच्या फाईलवरून छापलेलं नाही. आधी एक लेटर कागद होता, त्याला तीन भोकं पाडून तो फाइलला लावला होता, मग त्याची प्रत ए४ वर काढली गेली आणि त्या प्रतीला पुन्हा दोन भोकं पडली.