ओपीडीतली लांब रांग आणि खरा अडथळा

“केसपेपरच्या खिडकीवरच रांग लांबते. दुसरी खिडकी उघडली तर पेशंट लवकर मोकळे होतील ना?”

नाही होणार. जालना-परभणीकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात सकाळच्या एसटीनं सगळे एकदम उतरतात, म्हणून ती रांग नजरेत भरते. पण रांगेची लांबी नव्हे, तासाची क्षमता बघा.

समजा 9 वाजता 150 पेशंट आले. खिडकी तासाला 60 केसपेपर काढते, साडेअकराला रिकामी होते. डॉक्टर एकच, दर पेशंटला अडीच मिनिटं, म्हणजे तासाला 24. साडेअकराला 90 जण बाकड्यांवर बसलेले असतात. ते रांगेत नसल्यानं मोजलेच जात नाहीत. शेवटचा सव्वातीनला तपासून होतो. दुसऱ्या खिडकीनं फक्त बाकडी लवकर भरतील.

खूण सोपी आहे: औषधाच्या खिडकीवरचा माणूस अधूनमधून रिकामा बसतो, डॉक्टर कधीच नाही. खात्रीसाठी केसपेपरवर प्रत्येक टप्प्याची वेळ लिहा.

डॉक्टरांच्या अडीच मिनिटांतलं एक मिनिट बीपी, रजिस्टर आणि जुना रिपोर्ट शोधण्यात जात असेल, तर ते काम सिस्टरांकडे द्या. तपासणीच्या वेळेला मात्र हात लावू नका. मग तासाला 40 होतात, शेवटचा पाऊण वाजता. त्यानंतर औषधाची खिडकी तासाला 45 देते की 35, हे तपासा. 35 असेल तर अडथळा तिकडे सरकलेला असेल.