धुळीत न्हाणाऱ्या चिमण्या आणि पिसांवरचे तेल

गेल्या मे महिन्यात, सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसला असताना, आमच्या ओळखीच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एक छोटी चित्रफीत फिरत होती. रस्त्याच्या कडेला पाच-सहा चिमण्या मातीत लोळत आहेत, पंख फडफडवून धूळ अंगावर उडवून घेत आहेत, आणि खाली मजकूर होता, ‘चिमण्या धुळीत न्हाल्या, आठ दिवसांत पाऊस नक्की.’ आठ दिवसांत पाऊस आला नाही. पंधरा दिवसांनी वळवाची एक सर आली, तेव्हा तीच चित्रफीत ‘बघा, सांगितले होते’ अशा थाटात पुन्हा फिरली.

ही समजूत जुनी आहे आणि तिच्यामागचे कारण सरळ आहे. धूळस्नानाला कोरडी, सुटी माती लागते आणि ती सर्वांत मुबलक असते ती उन्हाळ्याच्या शेवटी. त्यानंतर पाऊस येतोच, कारण ज्येष्ठानंतर आषाढ येतोच. हाच प्रकार जुळे सोलापुरातल्या आमच्या कुंपणाच्या भिंतीलगत मी डिसेंबरच्या दुपारीही पाहिला आहे. त्या वेळी मात्र कोणी पावसाचे भाकीत करीत नाही. उकाड्याने हैराण होऊन अंग थंड करायला चिमण्या मातीत बसतात, हेही पटण्यासारखे नाही, कारण भर दुपारी रस्त्याकडेची धूळ हाताला चटका देते. पाणी मिळत नाही म्हणून मातीवर भागवतात, असेही नाही. शेजारी पाण्याचे भांडे असताना आधी पाण्यात आणि मग थेट धुळीत उतरणारी चिमणी मी अनेकदा पाहिली आहे.

हा प्रकार जवळून, सावकाश पाहण्यासारखा असतो. चिमणी प्रथम चोचीने आणि पायांनी माती उकरते आणि लहान वाटीएवढा खळगा करते. मग त्यात पोट टेकून बसते, अंगावरची सगळी पिसे फुलवते आणि पंखांच्या झटक्यांनी धूळ वर उडवते, ती फुललेल्या पिसांच्या फटींतून थेट कातडीपर्यंत उतरते. त्यानंतरची हालचाल सहज नजरेतून निसटते. फुलवलेली पिसे ती एकदम अंगाशी चापून घेते आणि कुशीवर पडून मान, खांदे व बाजू जमिनीवर घासते. हे दोन-चार वेळा आलटून पालटून झाले की ती उठते आणि अंग असे झटकते की तिच्याभोवती क्षणभर धुळीचा ढग उभा राहतो. शेवटी जवळच्या तारेवर बसून ती एकेक पीस चोचीतून फिरवून नीट करते. पिसे उघडणे, भरणे, दाबणे आणि झटकणे, हा क्रम साऱ्या प्रकाराची किल्ली आहे.

किल्ली कशाची, तर तेलाची. बहुतेक पक्ष्यांच्या शेपटीच्या बुडाशी, वरच्या बाजूला, एक छोटी तैलग्रंथी असते. पक्षी चोच तिच्यावर घासतो आणि तिथले मेणचट तेल पिसांना लावतो. शिवाय कातडीतूनही थोडे स्निग्ध द्रव्य पाझरत असते. पिसाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू असतात, त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू आणि उपतंतूंना सूक्ष्म आकडे. शेजारच्या उपतंतूंत अडकलेल्या या आकड्यांमुळे पिसाचे पाते सलग राहते, आणि ते विस्कटले तर चोच फिरवून पुन्हा जुळवता येते. तेलामुळे हे सारे लवचीक राहते, ठिसूळ होऊन तुटत नाही. पण तेल रोज लागत राहते आणि त्याच वेगाने आपोआप निघून जात नाही. साचलेल्या तेलाने तंतू एकमेकांना चिकटतात. सर्वांत जास्त नुकसान होते ते पिसाच्या बुडाशी असलेल्या मऊ लवेचे. तिच्यात अडकलेली हवा हेच पक्ष्याचे पांघरूण असते, आणि लव चिकटून बसली की त्या पांघरुणाची जाडी घटते. तेल लावून तीन दिवस न धुतलेल्या केसांकडे पाहिले, तर अशा लवेची अवस्था समजेल.

साडीवर तेल सांडले की घरातली जाणती बाई पाणी लावत नाही. डागावर टाल्कम पावडर भुरभुरते, दाबते, थोडा वेळ ठेवते आणि झटकते. चिमणी नेमके हेच करते. पिसे फुलवणे म्हणजे पावडर टाकायला जागा करणे, पिसे चापून घासणे म्हणजे दाबणे. कोरड्या कणांमधल्या अरुंद फटींत तेल, दिव्याच्या वातीत चढावे तसे, ओढले जाते आणि झटकताना कणांसोबत बाहेर पडते. पाण्याला हे जमत नाही, कारण तेलकट पिसावरून पाणी ओघळून जाते.

आता प्रश्न असा की कोणतीही माती चालेल का? येथे थोडा हिशेब करू. आकडे शाळेतलेच आहेत. एक ग्रॅम वाळू घेतली आणि तिचा प्रत्येक कण ०.२ मिलिमीटर जाडीचा गोल मानला, तर सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग साधारण ११५ चौरस सेंटीमीटर भरतो, म्हणजे एका पोस्टकार्डाहून थोडा कमी. त्याच एक ग्रॅममध्ये कण ०.००२ मिलिमीटरचे असतील, आणि चिकणमातीच्या कणांची ही कमाल मर्यादा मानतात, तर पृष्ठभाग शंभरपट होतो, सुमारे १.१५ चौरस मीटर. आपल्या एकेरी सोलापुरी चादरीचा हा तिसरा हिस्सा झाला. प्रत्यक्षात चिकणमातीचे कण गोल नसून पापुद्र्यांसारखे असतात, त्यामुळे खरा आकडा याहून बराच मोठा असतो. सोलापूरच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातले खनिज भरपूर असते. मुलतानी मातीही अशाच तेल शोषणाऱ्या खनिजांची असते.

परंतु काळ्या मातीला एक खोड आहे. ती भिजली की चिखल होऊन चिकटते आणि वाळली की भेगाळून दगडासारखी ढेकळे होतात. ढेकळात कोणाला न्हाता येत नाही. म्हणून चिमण्या मोकळ्या रानात ढेकळांवर न बसता गाडीवाटेच्या कडेला, गोठ्यापुढे, पत्र्याच्या पाख्याखाली, म्हणजे जिथे चाकांनी आणि खुरांनी ढेकळांचे पीठ झाले आहे अशा जागी आढळतात. नान्नजच्या माळाच्या वाटेवर धुळीत बसलेले चंडोलही चाकोरीतच दिसतात, ते याच कारणाने.

हे सारे नुसते तर्काने सांगितलेले नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांना काही दिवस धुळीपासून दूर ठेवले, तेव्हा त्यांच्या पिसांवरचे स्निग्ध द्रव्य वाढले. धूळ मिळाल्यावर ते पुन्हा उतरले. पुढे नेदरलँड्समध्ये अंड्यांच्या कोंबड्यांवर झालेल्या मोजमापांत बुडाच्या लवेचा फुलारा धूळस्नानानंतर परत आलेला दिसला. भुसा आणि बारीक वाळू यांची तुलना केली, तेव्हा लाकडाच्या जाड भुशाने तेल फारसे निघाले नाही, बारीक वाळूने निघाले. कोंबडी साधारण एक दिवसाआड, बहुधा दुपारी, वीस ते तीस मिनिटे असे न्हाते. मोजमापे कोंबडीवरची असली तरी चिमणीच्या हालचालींचा क्रम तोच आहे.

इथवर गोष्ट सरळ आहे. आता ती वळण घेते, आणि मला सर्वांत जास्त आवडते ते हे वळण. तेल साचले म्हणून पक्षी न्हातो असे असेल, तर तेलाची ग्रंथीच काढून टाकल्यावर त्याने न्हाणे थांबवायला हवे. डेन्मार्कमध्ये कोंबड्यांवर हा प्रयोग झाला. ग्रंथी काढलेल्या कोंबड्या पूर्वीसारख्याच न्हात राहिल्या. मग कोणी म्हणेल, पिसांचा चिकटपणा कातडीला जाणवत असेल. तर जन्मतः पिसेच नसलेल्या वाणाची पिल्ले घेण्यात आली, आणि त्या उघड्या पिल्लांनीही धूळस्नान केले. तारेच्या जाळीवर ठेवलेल्या, माती कधीच न पाहिलेल्या कोंबड्याही जाळीवर बसून पंख झटकतात, कुशीवर लोळतात आणि उठून अंग झाडतात. धुळीचा कण नसताना सगळा सोहळा साग्रसंगीत पार पडतो. युरोपीय संघाने २०१२ पासून कोंबड्यांचे उघडे-बोडके तारेचे पिंजरे बंद केले, त्यामागे माती-भुशाची ही गरजही होती.

याचा अर्थ असा की ‘कशासाठी’ आणि ‘कशामुळे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धूळस्नान तेलाचा समतोल राखण्यासाठी टिकून राहिले, पण चिमणी तेल मोजून न्हायला जात नाही. न्हाण्याची ओढ तिच्यात आतूनच साठत जाते. ऊन, उजेड आणि समोर दिसणारी सुटी माती तिला वाट करून देतात. म्हणूनच काही दिवस माती मिळाली नाही, तर मिळाल्यावर पक्षी नेहमीपेक्षा जास्त वेळ न्हातो, आणि म्हणूनच एक चिमणी बसली की तिच्यामागे चार येतात. आपल्यालाही भूक लागते ती रक्तातली साखर मोजून नव्हे. जेवणाची वेळ झाली आणि फोडणीचा वास आला की लागते.

उवा आणि गोचिडांचे काय, असे विचारले जाईल, कारण बहुतेक ठिकाणी धूळस्नानाचे पहिले कारण म्हणून तेच सांगितलेले असते. त्यात तथ्य आहे, पण ते मातीवर अवलंबून आहे. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. बारीक कणांनी तो घासला किंवा शोषला गेला की अंगातले पाणी उडून किडा वाळतो. कॅलिफोर्नियात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोंबड्यांना केओलिन, म्हणजे चिनीमाती, भरलेल्या पेट्या दिल्यावर त्यांच्या अंगावरचे पिसूसारखे बारीक कोळीवर्गीय परजीवी आणि उवा खूप घटल्या. मात्र ज्या कोंबड्या पेटीत उतरल्या त्यांच्याच, आणि पेटी काढल्यावर परजीवी पुन्हा वाढू लागले. गंधकाची पेटी याहून प्रभावी ठरली, पण रस्त्यावरच्या धुळीत गंधक नसते. तेव्हा ‘चिमणी मातीत औषध शोधते’ या प्रकारच्या वाक्यांवर फार विसंबू नये.

आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी घरापासून रस्त्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसले आणि भिंतीलगतचे खळगे गेले. मी एका जुन्या परातीत चार बोटे वाळू भरून ठेवली. आठवडाभर तिच्याकडे कोणी फिरकले नाही. मग शेतातल्या वाटेवरची काळी धूळ चाळून अर्धी-अर्धी मिसळली आणि मांजराला दबा धरता येऊ नये म्हणून परात झुडपापासून दूर ठेवली. चौथ्या दिवशी एक नर उतरला, आणि त्याने जागा धरून दुसऱ्या नराला दोनदा हुसकावले. आठवड्याअखेरीस मातीत तीन खळगे पडले होते. जूनच्या पहिल्या पावसात परात उघड्यावर राहिली, माती घट्ट वडीसारखी जमली आणि न्हाणे बंद झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिले, तर शेजारच्या पत्र्याच्या शेडखाली, जिथे पाऊस पोहोचला नव्हता, त्या कोरड्या धुळीत सात चिमण्या लोळत होत्या. पाऊस तर आदल्या रात्रीच पडून गेला होता.