एकच फोटो, दोन ब्राउझर, दोन रंग: असं का होतं?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही तयार करून दिलेला फोटो क्रोममध्ये उघडला तर कापडाचा लाल रंग हवा तसा दिसतो. तोच फोटो त्याच मॉनिटरवर फायरफॉक्समध्ये उघडला की लाल भडक होतो आणि माणसांचे चेहरे तांबूस दिसू लागतात. असं झालं की पहिला संशय फाइलवर जातो, पण फाइल दोन्हीकडे तीच असते. तिच्यातल्या आकड्यांचं ब्राउझर काय करतो, यावरून हा फरक पडतो. विंडोज आणि वाइड गॅमट मॉनिटर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त गडद रंग दाखवू शकणारा पडदा, अशी जोडी असेल तिथे तो सगळ्यात ठळक दिसतो. म्हणून इथे तेच उदाहरण घेतलं आहे.

फाइलमध्ये नेमकं काय असतं

फोटोच्या प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. (२५५, ०, ०) म्हणजे पूर्ण लाल. पण किती लाल? ते नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हाच्या साध्या मॉनिटरच्या आवाक्यातले रंग धरून एसआरजीबी हे माप सुचवलं, आणि वेबवर आजही तेच गृहीत धरतात. अ‍ॅडोबी आरजीबी आणि डिस्प्ले पी३ ही मापं त्याहून मोठी आहेत. फोटो कोणत्या मापात आहे हे सांगणारा एक छोटा तुकडा फाइलमध्येच ठेवता येतो. त्याला कलर प्रोफाइल म्हणतात. एसआरजीबीची नेहमीची प्रोफाइल जेमतेम ३ केबीची असते.

दुसरी प्रोफाइल मॉनिटरची. हा पडदा कोणत्या आकड्याला प्रत्यक्षात कोणता रंग दाखवतो, हे ती विंडोजला सांगते. दोन्ही प्रोफाइल हाताशी असल्या की ब्राउझर फोटोतले आकडे त्या पडद्याला साजेशा आकड्यांत बदलून पाठवतो. कलर मॅनेजमेंट म्हणतात ते हेच.

एक लाल बिंदू घेऊन बघू

समजा, फोटो एसआरजीबीत तयार केला आहे, पण त्यात प्रोफाइल नाही, आणि तुमचा मॉनिटर डिस्प्ले पी३ एवढे रंग दाखवतो. फोटोत एका ठिकाणी (२५५, ०, ०) आहे.

क्रोमला प्रोफाइल सापडत नाही, तेव्हा तो फोटो एसआरजीबीतलाच आहे असं धरतो. मग मॉनिटरची प्रोफाइल बघतो आणि पडद्याला साधारण (२३४, ५१, ३५) पाठवतो. आकडे बदलले, पण डोळ्यांना दिसणारा लाल एसआरजीबीचाच राहिला.

फायरफॉक्सचं मूळ सेटिंग वेगळं आहे. प्रोफाइल जोडलेल्या फोटोंचंच रूपांतर करायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असं ते सांगतं. त्यामुळे पडद्याला (२५५, ०, ०) जसेच्या तसे जातात, आणि पडदा त्याच्याकडचा सगळ्यात गडद लाल दाखवतो. साध्या मॉनिटरवर हा फरक जवळजवळ कळत नाही, कारण त्याचा पूर्ण लाल एसआरजीबीच्या आसपासच असतो. नवा मॉनिटर घेतल्यावर ‘फोटो बिघडले’ असं वाटतं ते यामुळेच.

हे तुम्हाला स्वतः पाहता येईल. विंडोजमधला एचडीआर बंद ठेवा, दोन्ही ब्राउझरमध्ये तोच फोटो उघडून स्क्रीनशॉट घ्या आणि एखाद्या फोटो एडिटरच्या कलर पिकरने तोच लाल बिंदू मोजा. स्क्रीनशॉटमध्ये पडद्याला पाठवलेले आकडे येतात, त्यामुळे फायरफॉक्सकडे मूळ आकडे आणि क्रोमकडे बदललेले दिसतील. तुमचा पडदा नेमका पी३ नसेल, तर क्रोमचे आकडे वर दिलेल्यांपेक्षा थोडे वेगळे येतील. मात्र असा स्क्रीनशॉट दुसऱ्या कुणाला पाठवून ‘बघा, असं दिसतं’ म्हणण्यात अर्थ नाही. त्यांचा पडदा तेच आकडे आपल्या परीने दाखवणार.

तुमच्या बाजूने काय करायचं

फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत `about:config` टाइप करा, इशारा स्वीकारा आणि हे नाव शोधा:

```
gfx.color_management.mode
```

तिथे मुळात 2 असतं. ते 1 करा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. आता प्रोफाइल नसलेले फोटो आणि पानावरचे रंग एसआरजीबी धरूनच बदलले जातील, आणि दोन्ही ब्राउझर बरेचसे जुळतील. 0 कधीच ठेवू नका. त्याने कलर मॅनेजमेंट पूर्ण बंद होतं. क्रोममध्ये `chrome://flags` या पानावर `Force color profile` समोर `Default` आहे ना, तेही बघून घ्या.

एक खूण लक्षात ठेवा. दोन्ही ब्राउझरमध्ये फोटो सारखेच दिसत असतील, पण दोन्हीकडे भडक असतील, तर बहुधा विंडोजकडे तुमच्या मॉनिटरची प्रोफाइलच नाही. मग क्रोमही पडदा एसआरजीबीचा आहे असं समजतो आणि काहीच बदलत नाही. मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीची प्रोफाइल बसवा. ती मिळत नसेल तर मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड आहे का ते पाहून तो लावा.

तुमच्या वेबसाइटवर येणाऱ्यांचं काय

तुम्ही स्वतःचा फायरफॉक्स नीट केलात, तरी तुमच्या ग्राहकाच्या फायरफॉक्समध्ये 2 च असणार. म्हणून खरा उपाय फाइलमध्येच हवा, आणि आम्ही प्रत्येक फोटो एसआरजीबीत, प्रोफाइल जोडून देतो. ती हरवते पुढे. वेबसाइटवर फोटो चढवताना आकार कमी करणारी बरीच साधनं जादाची माहिती काढून टाकतात, आणि तिच्याबरोबर प्रोफाइलही जाते. वेबसाइटवरून फोटो परत उतरवून घ्या आणि फाइलमधली माहिती वाचणारा `exiftool` हा प्रोग्राम असेल तर हे चालवा:

```
exiftool -ICC_Profile:ProfileDescription photo.jpg
```

उत्तरात प्रोफाइलचं नाव आलं तर ती शाबूत आहे. काहीच आलं नाही तर वाटेत गेली. अशा वेळी तुमची वेबसाइट सांभाळणाऱ्यांना प्रोफाइल ठेवणारं सेटिंग लावायला सांगा.

तुम्ही स्वतः फोटो तयार करत असाल तर आणखी एका गोष्टीकडे आम्ही आग्रहाने लक्ष वेधतो. अ‍ॅडोबी आरजीबीतल्या फोटोची प्रोफाइल गळून पडणं सगळ्यात वाईट. एसआरजीबीचा पूर्ण लाल त्या मापात साधारण (२१९, ०, ०) असा लिहिला जातो. प्रोफाइल नसेल तर ब्राउझर तो एसआरजीबीचा २१९ समजतो आणि लाल मंद पडतो, त्वचेचा रंगही फिका दिसतो. म्हणून फोटोशॉपच्या `Export As` मध्ये `Convert to sRGB` आणि `Embed Color Profile` या दोन्ही खुणा ठेवा. एडिटच्या मेनूतल्या `Assign Profile` ने हे काम होत नाही. त्यात आकडे तेच राहतात, फक्त त्यांना दुसरं माप चिकटतं आणि फोटोचा रंग बदलतो. `Convert to Profile` आकडे बदलतं आणि रंग आहे तसा ठेवतं.

एक अडचण मात्र यानेही सुटत नाही. फोटोची पार्श्वभूमी आणि पानाचा रंग एकच ठेवून दोन्ही एकजीव दिसावेत, असं काहींना हवं असतं. मूळ सेटिंगच्या फायरफॉक्समध्ये प्रोफाइल असलेला फोटो बदलला जातो, पानाचा रंग बदलत नाही, आणि वाइड गॅमट पडद्यावर फोटोची चौकट उमटते. अशा पानासाठी आम्हाला आधी सांगा. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी फाइल देता येते.

रंगाबद्दल तक्रार कळवताना वेबसाइटवरून परत उतरवलेली फाइल, ब्राउझरचं नाव आणि मॉनिटरचं मॉडेल एवढं पाठवा. फाइल पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. गप्पांच्या अ‍ॅपमध्ये फोटो म्हणून टाकलेली फाइल पुन्हा दाबली जाते, आणि मग आमच्या हाती तुमची मूळ फाइल येत नाही.